सुनंदाचा केक जुलैत का बसतो

*मी एक कथा लिहितेय. बेळगावातल्या वडगावची सुनंदा नवरा गेल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बिनअंड्याचे केक विकायला लागते आणि हळूहळू तिला स्वतःवर विश्वास यायला लागतो. वाचलेल्यांचं म्हणणं, ती अचानकच बदलते आणि केकचं सगळं खोटं वाटतं. कुठं दुरुस्त करू?*

तुमचा खर्डा दोनदा वाचला. बारा पानांत सुनंदा एकोणीस केक करते (मोजले मी) आणि त्यातला एकही बिघडत नाही. घोळ तिथंच आहे. मी सोळा वर्षं टिळकवाडीत घरातून केक विकते, मधूनमधून दिवाळी अंकात एखादी कथाही येते, त्यामुळं दोन्ही बाजूंनी सांगते: बिनअंड्याचा केक इतका शहाण्यासारखा वागत नाही. तो वागत नाही म्हणूनच तर तुमच्या कथेला रस्ता सापडणार आहे.

आधी केकचं बघू. अंड्याच्या केकात अंडं तापलं की घट्ट होतं आणि फुगलेल्या पिठाला आतून धरून ठेवतं. घराला वासे असतात तसं. अंडं काढलं की ते वासे गेले. मग सगळा भार मैद्यावर आणि दह्यात सोडा पडल्यावर जो वायू सुटतो त्याच्यावर. मैदा शिजून घट्ट व्हायच्या आत वायू निघून गेला, तर केक खाली येणार. अंड्याच्या केकात दहा मिनिटांचा हलगर्जीपणा एक वेळ खपून जातो, इथं खपत नाही.

तुमच्या कथेत सुनंदा ‘मिश्रण झाकून ठेवून’ देवळात जाऊन येते आणि मग केक लावते. ते वाक्य काढा. दही आणि सोडा भेटले की घड्याळ सुरू झालं. देवळातून येईपर्यंत त्या पातेल्यात पेज उरलेली असेल.

ओव्हनही काढा. नवऱ्याच्या आजारपणात पैसा गेला म्हणता, मग पाचव्या पानावर ओव्हन कुठून आला? वडगावच्या गल्लीत पहिला केक कुकरमध्येच होतो. शिट्टी आणि रबर काढायचं, पाणी अजिबात घालायचं नाही, तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरायचं, त्यावर कुकरमधली जाळी किंवा उपडी ताटली ठेवायची आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्यायचं. मग आत केकचं भांडं आणि गॅस बारीक. पाऊण तासात होतो. ते मीठ पुढं राखाडी पडतं, जेवणात चालत नाही, पण केकला महिनोन् महिने तेच वापरता येतं. सुनंदाच्या फळीवर एका बरणीत ते राखाडी मीठ दिसू द्या. आणि रबर! कुकरचं काढलेलं रबर दुसऱ्या दिवशी डाळीच्या वेळी सापडत नाही, यावरून घरात जे होतं ते तुम्ही लिहा, मी सांगायची गरज नाही.

आता माप. सात इंची भांड्याला दीड कप मैदा, पाऊण कप साखर, एक कप दही, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, थोडा व्हॅनिला. साधारण सहाशे ग्रॅमचा साधा केक होतो. पुष्कळ जणी दह्यात सोडा घालून तो फसफसू देतात आणि मग मैदा घालतात. मी सोडा मैद्यातच चाळून घेते, म्हणजे घाई शेवटच्या दोन मिनिटांची राहते. यातलं एकही माप कथेत द्यायची गरज नाही, फक्त अर्धा चमचा सोडा आणि एक कप दही लक्षात ठेवा. सगळं नाट्य या दोघांत आहे.

तुमची सुनंदा मे महिन्यात पुतण्याच्या वाढदिवसाला पहिला केक करते. छान, तसंच ठेवा. मे महिन्यात रात्री विरजण लावलं की सकाळी आठपर्यंत दही लागतं आणि दुपारपर्यंत आंबट होतं. आंबट दही सोड्याला पुरून उरतं. वायू भरपूर सुटतो, केक फुगतो, गल्लीत नाव होतं. हे तिचं कौतुक नाही, उन्हाळ्याचं आहे, पण तिला ते ठाऊक नाही. तुम्हालाही नव्हतं.

मग पाऊस येतो. आपल्याकडचा जुलै तुम्हाला सांगायला नको, आठ आठ दिवस ऊन नाही, भिंतीला हात लावला तर ओला. अशा दिवसांत दही लागतं खरं, पण गोडसर, सैल, दुधाच्या अंगाचं. माप तेच, भांडं तेच, हात तोच. सोडा मात्र अर्धा चमचाच पडतो आणि त्याला पुरेल एवढा आंबटपणा दह्यात नसतो. वायू कमी सुटतो, आणि उरलेला सोडा तसाच केकात राहतो.

समोरच्या लिंगायत घरातल्या नातवाचा पहिला वाढदिवस. सुनंदाचा पहिला खरा, पैसे आधी ठरलेला केक. कुकर उघडते तर केक फुगलेलाच नाही. भाकरीसारखा चपटा, सुरी घातली तर बुडाला बोटभर चिकट थर.

इथं नवशिकी बाई काय करते? माझ्या वर्गात आलेल्या दहातल्या नऊ जणी जे करतात तेच: फुगला नाही म्हणजे सोडा कमी पडला. दुसऱ्या केकात एक चमचा सोडा. हा केक कुकरमध्ये चांगला वर चढतो, तिला वाटतं जमलं, आणि पंचवीस मिनिटांनी मधोमध खड्डा. रंग नेहमीपेक्षा तांबूस, तोडला तर मोठी मोठी भोकं, आणि जिभेवर साबण. पहिला केक चढलाच नव्हता, दुसरा चढून पडला. दोन वेगळी दुखणी आहेत ही. करणाऱ्या बाईला फरक नुसत्या डोळ्यानं कळतो, पण तो कळायला आधी दोन्ही व्हावी लागतात. ही दोन्ही भांडी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवा. वाचणाऱ्याला ती दिसली पाहिजेत.

आणि आता ती स्वतःशी काय म्हणते? गल्लीतल्या कुणी टोमणा मारायची गरज नाही. तुमच्या चौथ्या पानावरची ती खवचट शेजारीण मला पटली नाही, ती मालिकेतून आली आहे. सुनंदा स्वतःच म्हणेल, “माझ्याच हाताला यश न्हाई.” नवरा गेल्यापासून ज्या बाईला हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला पुढं बोलावलेलं नाही, तिला हे वाक्य शिकवावं लागत नाही. एका लेकराच्या पहिल्या वाढदिवसाचा केक तिच्या हातून बसला. तिच्या लेखी कारण एकच.

गल्लीतले लोक मात्र कारणं देतील आणि ती गमतीची असतील. शेजारचा विणकर म्हणेल, आमच्या मागाच्या धक्क्यानं बसला असंल. वडगावात दिवसभर मागाचा खडखडाट असतो, त्यामुळं हे कारण अगदी तिथलं आहे. ते सुनंदाला पटूही द्या, दोन दिवस. मग तिच्या डोक्यात येऊ द्या की माग तर मे महिन्यातही चालूच होते. एवढंच. हा तिचा पहिला स्वतःचा विचार. तुम्ही सहाव्या पानावर ‘तिच्या मनात आत्मविश्वासाची ज्योत पेटली’ असं लिहिलं आहे, त्याच्या जागी हे वाक्य घाला: माग तर मे महिन्यातही चालू होते.

कारण सापडतं ते सासूकडून. तुमच्या खर्ड्यात सासू नुसती खोकते, तिला काम द्या. आत्याबाई ओट्यावरचं उरलेलं दही चमच्यानं चाखते आणि म्हणते, “ह्ये दही हाय? ह्ये तर दूधच. ह्याची कढी करशील तर कढीसुद्धा व्हायची न्हाई.” पावसाळ्यात कढीसाठी दही एक दिवस जास्त ठेवायचं हे ती चाळीस वर्षं करत आली आहे, केकशी त्याचा संबंध आहे हे तिला माहीत असायचं कारण नाही. मोबाईलवर शंभर व्हिडिओ बघून जे कळलं नाही ते कढीच्या बोलण्यातून कळतं. व्हिडिओतली बाई ‘एक कप दही’ म्हणते आणि पुढं जाते, कुठल्या महिन्यातलं ते सांगत नाही.

याच्या पुढचा प्रसंग कथेचा कणा आहे, त्याला दीड पान द्या. सुनंदा दोन वाट्या घेते. आमटीच्या, स्टीलच्या, एकाच आकाराच्या. एका वाटीत आजचं गोड दही, दुसरीत दोन दिवस गॅसजवळ ठेवून आंबवलेलं. बाकी सगळं चिमटी चिमटीनं सारखं. मैदा सारखा, साखर सारखी, सोडा चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच, दोन्हीकडे तेवढाच. दोन्ही वाट्या एकाच वेळी एकाच कुकरमध्ये. खूण म्हणून आंबट दह्याच्या वाटीवर एक काजू. वीस मिनिटं. या वीस मिनिटांत काही घडवू नका. फोन नको, आठवण नको, नवऱ्याचा फोटो तर अजिबात नको. ती ओट्याशी उभी आहे, बाहेर पाऊस आहे, माग चालू आहे.

झाकण काढते. काजूची वाटी वर आली आहे, वरून थोडी चिरलेली, बोट लावलं तर परत वर येते. दुसरी काठाच्या खाली, सपाट, पिवळट. ती काजूच्या वाटीत स्वेटरची सुई खुपसते, सुई कोरडी निघते. दुसरीत खुपसते, सुईला पीठ.

हाच तो क्षण, ज्याच्यासाठी तुम्ही बारा पानं लिहिली आहेत. पण इथं ती हसते, रडते, देवाचे आभार मानते असं काही लिहू नका. तिनं फक्त ती बसलेली वाटी आत्याबाईच्या हातात दिली तर पुरे. बसलेल्या वाटीचा अर्थ दोघींना कळतो: दोष हाताचा नव्हता, दह्याचा होता. कारण माहीत असलेलं अपयश आणि नशिबाला चिकटलेलं अपयश, माझ्या वर्गातल्या बायकांत मी हा एकच फरक पुन्हा पुन्हा पाहिला आहे. दुसऱ्या प्रकारातल्या बायका तीन केकांनंतर येणं बंद करतात.

जाता जाता, तुम्हाला कुणी विचारलं तर: पावसात दही आंबवायला वेळ नसेल तर त्याच मापात एक चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालावा, काम होतं. पिशवीतलं दही बाराही महिने साधारण एकसारखं लागतं, पण पातळ निघालं तर फडक्यातून थोडं पाणी काढावं लागतं. आणि फुगत नाही म्हणून सोडा वाढवायचा नाही, कधीच नाही. सोडा जुना झाला असेल अशी शंका आली तर चिमूटभर लिंबाच्या रसात टाकून बघायचा. फसफसला तर चांगला आहे, दोष दुसरीकडे शोधा.

इथून पुढं ती बदलेल, पण कशी? तुम्ही नवव्या पानावर तिला दिराशी भांडायला लावलं आहे. दीर शेताच्या कागदावर सही घ्यायला येतो आणि ती अर्ध्या पानाचं भाषण देते. वाचणाऱ्यांनी तुम्हाला दाखवलेला ‘अचानक’ तो हाच. महिनाभरापूर्वी जी बाई भाऊजींच्या चपलांचा आवाज आला की ओट्यावरचं सोडून पदर सावरत बाहेर यायची, ती एकाएकी कायद्याची भाषा कशी बोलेल?

तिला भाषण नको, तिला पीठ द्या. दीर दारात येतो तेव्हा ती नुकतीच कोरडं ओल्यात मिसळते आहे. हात मैद्यात, कुकर तापलेला, सोडा दह्याला भेटला आहे. तो हाक मारतो. एरवी ती आली असती. आज ती आतूनच म्हणते, “बसा भाऊजी, दोन मिनिटं.” तो बसत नाही, उभाच राहतो, कागद हातात. ती मिसळते, जास्त घोटत नाही, एका दिशेनं हलक्या हातानं, कारण घोटलं तर केक चिवट होणार. पीठ भांड्यात ओतते, भांडं एकदा ओट्यावर आपटते, कुकरमध्ये ठेवते, झाकण लावते, गॅस बारीक करते. हात धुते. मग बाहेर येते आणि म्हणते, “ठिवून जावा कागद. वाचून सांगतो.”

(बेळगावकडच्या बायका ‘सांगतो’, ‘जातो’ म्हणतात हे इथल्यांना सांगायला नको. तुमच्या खर्ड्यात सगळ्या जणी पुण्याचं बोलतात. तेही बघा.)

तिनं दिराला विरोध केला का? तिला स्वतःलाही तसं वाटणार नाही. पीठ थांबत नव्हतं म्हणून माणूस थांबला, इतकंच. पण एकदा माणूस दारात थांबू शकतो हे दिसलं की पुढची वाक्यं आपोआप तोंडात येतात. मी स्वतः घरात पहिल्यांदा कुणाला थांबवलं ते याच कारणानं, सोड्याच्या जिवावर.

दुसरी जागा पैशाची. तुमची सुनंदा पहिल्या दिवसापासून भाव सांगते. कुठली बाई सांगते हो? ओळखीच्या माणसाला, रोज ज्यांच्या दारातून जायचं त्यांना, पोरगं ज्यांच्याकडे खेळतं त्यांना? ती म्हणते, “द्या काय ते.” आणि समोरची पन्नासाची नोट देते आणि वर म्हणते, “घरचंच आहे की.”

आधी तिचा हिशेब मांडून घ्या, तुमच्यासाठी, कथेसाठी नव्हे. माझ्या वहीतला गेल्या उन्हाळ्याचा असा आहे: मैदा ९ रुपये, साखर ७, दही १५, तेल १७, पावडर-सोडा-व्हॅनिला मिळून ६, खोका आणि कागद १२, गॅस १०. झाले ७६. म्हणजे पन्नासाची नोट घेतली तेव्हा तिनं सव्वीस रुपये पदरचे घालून शेजाऱ्याला केक खाऊ घातला. आणि ऐंशी म्हणाली असती तरी तिच्या दोन तासांचे चार रुपये. मी साध्या केकला सामानाच्या दुपटीहून थोडं वर धरते, म्हणजे १८०. नव्यानं विकणाऱ्या बाईला हा आकडा उच्चारायला सहा महिने लागतात, कारण तिच्या डोक्यात स्वतःच्या वेळेची किंमत शून्य असते.

पण आपल्या भागाची एक गंमत आहे आणि ती तुम्ही वापरलीच नाही. सुनंदा पहिल्यांदा भाव सांगेल तो कानडीत. समोरच्या घरातली आजी विचारते, “एष्टु री?” आणि सुनंदाच्या तोंडून निघून जातं, “नूरा एंबत्तु.” एकशे ऐंशी. बाजारात भाजी घेताना, बसमध्ये तिकीट काढताना आकडे तिनं कानडीतच ऐकले-बोललेत, ती तिची व्यवहाराची भाषा आहे. मराठीत हाच आकडा म्हणायचा तर त्याच्याबरोबर नाती येतात, वहिनी येते, मावशी येते, ‘आपल्यातच काय पैसे घ्यायचे’ येतं. कानडीत नुसता आकडा येतो. आजी कमरेची पिशवी सोडते, नोटा मोजून देते, म्हणते, “भाळ चलो आगैती,” आणि केक घेऊन जाते. आभाळ कोसळत नाही.

मराठीत ‘एकशे ऐंशी’ म्हणायला तिला आणखी दोन महिने लागू द्या, आणि ते ती थोरल्या जावेला म्हणू दे. जाऊ गप्प होईल. तो गप्पपणा लिहा, उत्तर लिहू नका.

सीमावादाचं पान मात्र काढाच. मोर्चा, पाट्या, फाडलेले फलक यांचा या बाईच्या दिवसाशी काही संबंध लागत नाही. तो विषय मोठा आहे, स्वतंत्र कथा मागतो. इथं कानडी ही समोरच्या दारातली भाषा आहे, तेवढीच राहू द्या.

बिनअंड्याचंच का, हे खर्ड्यात कुठंच येत नाही. ‘शुद्ध शाकाहारी’ असं एकदा म्हणून तुम्ही सोडून दिलं आहे. गल्लीत जैन घरं, लिंगायत घरं, आणि उरलेल्यांचे सोमवार, गुरुवार, श्रावण. अंड्याचा केक अर्ध्या गल्लीला चालत नाही, बिनअंड्याचा सगळ्यांना चालतो. पण सुनंदाचं घर मराठ्याचं. रविवारी मटण शिजतं, पोराला अंडं उकडून मिळतं. मग पलीकडच्या जैन काकू दारातूनच, आवाज बारीक करून विचारणार, “केक करता त्या पातेल्यात अंडं उकडता काय हो?”

हा प्रश्न अपमानाचा नाही, विचारणारीला त्याचं उत्तर खरंच हवं असतं. माझ्याकडे तो पहिल्याच वर्षी आला होता आणि मी गडबडून “नाही नाही” म्हणाले होते. खोटं होतं ते. दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन पातेली, एक चाळणी, एक उलथनं आणि दोन केकचे डबे वेगळे आणले, आणि त्या बाईंना घरी बोलावून दाखवले. तुमची सुनंदा काय करेल ते तिचं ती ठरवेल, पण तिला या प्रश्नाशी भिडू द्या. वेगळी भांडी आणायची म्हणजे पाचशे-सहाशे रुपये, म्हणजे केकच्या पैशातून पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या कामासाठी घेणं, घरखर्चासाठी नव्हे. त्या पातेल्यांवर भांड्याच्या दुकानात नाव घालून मिळतं. दुकानदार विचारतो, नाव काय घालायचं? घरातल्या सगळ्या भांड्यांवर नवऱ्याचं नाव आहे. पुढचं तुम्ही लिहा.

शेवटचा विषय औक्षणाचा. तुमच्या अकराव्या पानावर समोरची आजी सुनंदाला नातवाला ओवाळायला बोलावते, सगळ्या बायका टाळ्या वाजवतात. मनातून मलाही ते हवं आहे. कृष्णेच्या अंगाला, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनानं पत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हेरवाड इथून फार लांब नाही, बातमी वडगावात नक्की पोचली असणार. पण ते पत्रक सीमेच्या पलीकडचं, आणि ठराव झाला म्हणून शेजारच्या घरातलं ओवाळणीचं ताट लगेच हातात येत नाही.

खरं काय होतं सांगू? टेबलाच्या मधोमध केक तिचा असतो आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. ओवाळायला पाच सवाष्णी पुढं होतात. मग केक कापायची वेळ येते आणि सुरी कुठं घालायची ते कुणाला कळत नाही, कारण बिनअंड्याचा केक कसाही कापला तर चुरा होतो. कुणीतरी म्हणतं, “अगं, जिनं केलाय तिला बोलवा की.” ती येते, सुरी गरम पाण्यात बुडवते, पुसते, पोराचा हात धरून पहिली फोड कापून देते. ताट तिच्या हातात नाही आलं, सुरी आली. आणि हे ठरवून, सुधारणा म्हणून झालेलं नाही. कुणाच्या लक्षातही आलेलं नाही, तिच्याशिवाय आणि आत्याबाईशिवाय. टाळ्या वाजतात त्या पोरासाठी.

बाराव्या पानावर तुम्ही तिचं दुकान उघडलं आहे, रिबिन आणि पाहुण्यांसकट. ते अख्खं पान नको. त्याऐवजी पुढचा जून आणा. संध्याकाळी पहिला मोठा पाऊस. सुनंदा विरजण लावते, पातेलं नवऱ्याच्या जुन्या स्वेटरात गुंडाळते आणि तांदळाच्या डब्यात ठेवते. स्वेटर एकाच शब्दात येऊ द्या, त्याच्यावर थांबू नका. दारातून हाक येते, “सुनंदा, उद्याला केक मिळंल काय गे?”

“उद्या न्हाई,” ती डब्याचं झाकण लावत म्हणते. “दही परवा व्हतंय.”